आठवणींच्या पुस्तकात नाव बदलायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

हल्ली निवृत्तीनंतर आठवणी लिहून पुस्तक काढणारे खूप आहेत. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांच्या पहिल्या पानावर एक ओळ असते: ‘काही व्यक्तींची नावे बदलली आहेत.’ वाचक ती वाचतो आणि पुढे जातो. पण ज्याला स्वतः लिहायचं आहे, तो तिथेच अडकतो. बदलायचं म्हणजे सुनीताची अनिता करायची का? तेवढ्याने कुणाचं काही झाकलं जातं का? आणि नाव बदलल्यावर ते माणूस आपल्यालाच परकं वाटायला लागलं तर?

मी अशा संहितांवर संपादनाचं काम करते. या प्रश्नाला ‘वाटेल ते दुसरं नाव द्या’ असं उत्तर देऊन चालत नाही, हे मला दरवेळी नव्याने कळतं.

एक नाव, दोन कामं

नाव बोट दाखवतं. गर्दीतल्या एका माणसाकडे बोट करून ‘तो’ म्हणावं, तसं. हे झालं त्याचं पहिलं काम.

दुसरं काम गप्पपणे चालतं. नाव त्या माणसाबद्दल काहीतरी सांगत असतं. ‘द्वारकाबाई’ वाचलं की डोळ्यांसमोर एक वय येतं, ‘स्नेहल’ वाचलं की दुसरं. आडनावावरून आपल्याकडे घराण्याचा, भागाचा, जातीचा अंदाज बांधला जातो, तो बांधू नये असं वाटत असलं तरी. शिवाय नावाला वजन असतं. ‘बंड्या’ आणि ‘विश्वंभर’ ही एकाच माणसाची नावं असू शकतात, पण एकाच आवाजात हाक मारून पाहा, जमत नाही.

नाव बदलताना पहिलं काम थांबवायचं असतं आणि दुसरं चालू ठेवायचं असतं. सगळी अडचण याच्यातच आहे, कारण दोन्ही कामं त्याच तीन-चार अक्षरांत गुंतलेली असतात.

नाव बदललं म्हणजे माणूस लपला, असं नाही

१८९५ साली व्हिएन्नातल्या दोन डॉक्टरांनी आपल्या काही रुग्णांच्या हकिगती छापल्या. त्यातली सर्वांत गाजलेली रुग्ण म्हणजे ‘ॲना ओ.’ १९५३ साली तिचं खरं नाव छापून आलं: बर्था पापेनहाइम. ती पुढे जर्मनीतली नावाजलेली समाजकार्यकर्ती झाली होती. आता इंग्रजी वर्णमाला आठवा. ‘बी’च्या आधी ‘ए’, ‘पी’च्या आधी ‘ओ’. खऱ्या आद्याक्षरांच्या एक घर मागे सरकलेली ही आद्याक्षरं आहेत. कोडं सुटल्यावर ते इतकं सोपं दिसतं की वाईट वाटतं.

आपल्याकडची नवी लेखक मंडळी यापेक्षाही सोपं कोडं घालतात. पहिलं अक्षर तेच ठेवतात, म्हणजे सुलभाची सुषमा होते. किंवा यमक ठेवतात, म्हणजे रमेशचा सुरेश होतो. यात लबाडी काही नसते. लिहिताना स्वतःला लक्षात राहावं म्हणून हात आपोआप तिकडे वळतो. पण वाचणाराही त्याच वाटेने उलटा जाऊ शकतो.

नाव पूर्ण वेगळं दिलं तरी धोका उरतोच, कारण बोट दाखवणारं नाव एकटं नसतं. अमेरिकेतल्या संशोधक लतान्या स्वीनी यांनी २००० साली एक हिशेब मांडला. १९९०च्या जनगणनेच्या आकड्यांवरून त्यांनी दाखवलं की पाच आकडी पिनकोड, पूर्ण जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, एवढ्या तीनच गोष्टींवरून तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांना एकेकटं वेगळं काढता येण्याची शक्यता आहे. नावाची गरजच नाही. आता आपल्या आठवणींचं पान बघा: गावातली एकमेव दाई, डाव्या पायाने लंगडणारी, तीन मुलींनंतर जुळे मुलगे झालेली. या बाईचं नाव तुम्ही काहीही ठेवा.

कॅलिफोर्नियातला १९७९चा एक निकाल याच मुद्द्यावर आहे. एका लेखिकेने एका मानसतज्ज्ञाच्या गटोपचारात भाग घेतला आणि नंतर त्यावरून कादंबरी लिहिली. नाव बदललं, अंगकाठी बदलली, पदवी बदलली. खरा माणूस गुळगुळीत दाढी केलेला, आखूड केसांचा होता, कादंबरीतला लांब पांढऱ्या केसांचा आणि पांढऱ्या कल्ल्यांचा. तरी तो माणूस कोर्टात गेला आणि जिंकला. त्याच्याकडे सत्रांच्या ध्वनिफिती होत्या. त्या आणि कादंबरीतले प्रसंग शेजारी ठेवल्यावर माणूस ओळखू येत होता. चेहरा बदलला होता, पण बोलणं आणि प्रसंग त्याचेच राहिले होते.

एक बाई घेऊ आणि तिचं नाव बदलू

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. माणूस कल्पित आहे, पण अडचणी रोजच्या आहेत.

समजा, लेखक आपल्या शाळेतल्या बाईंबद्दल लिहितो आहे. बाईंचं खरं नाव इंदुमती परांजपे. सगळे म्हणायचे परांजपेबाई. बाकावर पट्टी आपटत शिकवायच्या, म्हणून मुलांनी मागे ठेवलेलं नाव ‘टकटक’. कडक, नीटनेटक्या, कधी न हसणाऱ्या. आणि मग एक दुपार. शाळेच्या फाटकात बाईंचे यजमान झिंगून उभे राहतात आणि साऱ्या शाळेला ऐकू जाईल अशी हाक मारतात: ‘इंदूऽ!’ मुलांना तेव्हा पहिल्यांदा कळतं की बाईंना नाव आहे आणि घर आहे, आणि घरात काहीतरी फार बिघडलेलं आहे.

झाकायचं काय आहे? यजमानांचं व्यसन आणि त्या दुपारची बाईंची फजिती. बाई आज नसतील, पण मुलं-नातवंडं असतील, आणि त्यांना हे छापील पानावर भेटायला नको. राखायचं काय आहे? बाईंचा दरारा, आणि तो एका हाकेत कसा गळून पडला ते.

मी आधी एका कागदावर लिहून काढते की हे नाव या संहितेत कुठे कुठे आणि कशासाठी येतं. इथे दिसतं की पानभर वावरतं ते आडनाव. ‘इंदुमती’ पूर्ण रूपात एकदाच आहे, हजेरीच्या वहीवर. आणि ‘इंदू’ एकदाच आहे, पण सगळा प्रसंग तिच्यावर उभा आहे. म्हणजे नवं नाव असं हवं की ज्याचं दोन अक्षरी, घरगुती, हाक मारता येण्याजोगं रूप सहज होईल. नुसतं जुन्या वळणाचं, भारदस्त नाव पुरणार नाही.

इंदिरा? पहिलं अक्षर तेच, आणि लहान रूपही पुन्हा ‘इंदू’च. नको. भानुमती? यमक तसंच राहतं, शिवाय भानुमती म्हटलं की आपल्याला पेटारा आठवतो. शशिकला मला काही वेळ आवडलं होतं, कारण इंदूप्रमाणे शशीही चंद्रच, आणि संहितेत ‘नावात चंद्र, वर्गात ऊन’ असं एक वाक्य होतं, ते वाचलं असतं. पण शशिकला म्हटलं की एका पिढीला पडद्यावरची खलनायिका दिसते, आणि ती सावली या बाईंवर पडायला नको. शिवाय समानार्थी शब्द ठेवणं हेही एक कोडंच आहे. सरोजिनी चांगलं बसतं. वय तेच सांगतं, वजन तेच आहे, पहिलं अक्षर आणि यमक दोन्ही वेगळं. आणि घरी त्याचं ‘सरू’ होतं. फाटकातून ‘सरूऽ!’ अशी हाक आली की जे व्हायचं ते होतं.

चंद्राचं वाक्य मात्र जातं. लेखकाला त्याचा त्रास होईल. मी म्हणेन, जाऊ द्या, कारण ती हाक वाक्यापेक्षा मोठी आहे.

आडनावात ‘बाई’ जोडल्यावरचा नाद महत्त्वाचा. ‘साठेबाई’ फार चटकन संपतं, ‘सहस्रबुद्धेबाई’ वर्गात कुणी पुरतं म्हणणार नाही. ‘अभ्यंकरबाई’ जवळपास त्याच चालीने चालतं.

राहिलं टोपणनाव, आणि इथेच बहुतेक जण फसतात. ‘टकटक’ हे नाव शाळेतल्या दहा-वीस तुकड्यांना पाठ आहे. खऱ्या नावापेक्षा ते जास्त जोरात बोट दाखवतं. ते तसंच ठेवलं तर सरोजिनी अभ्यंकर हे सगळं वाया गेलं. टोपणनाव बदलायचं तर ज्या सवयीतून ते निघालं ती सवयही बदलावी लागते. म्हणून मी ते कसं तयार झालंय ते बघते. बाई यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा, आणि मुलांनी आवाजालाच नाव केलं. मग पट्टीऐवजी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, आणि ‘टकटक’ऐवजी ‘खणखण’. वस्तू बदलली, पण मुलांची खोड तीच राहिली आणि धाकही तोच राहिला.

जात आणि समाज यांचं काय करायचं?

हा भाग नाजूक आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. वरच्या उदाहरणात मी परांजपेंच्या जागी त्याच समाजातलं आडनाव घेतलं. कारण मी दुसऱ्या समाजातलं घेतलं असतं, तर व्यसनी नवऱ्याची गोष्ट विनाकारण त्या समाजाच्या दारात नेऊन ठेवली असती. वाईट वागलेल्या माणसाचं आडनाव बदलताना हे दरवेळी तपासावं.

उलटंही होतं. एखाद्याने सोसलेला अपमान त्याच्या जातीमुळे वाट्याला आलेला असतो, आणि लेखक ‘सुरक्षित’ म्हणून त्याला कुठलंही मधलं, कशातच न बसणारं आडनाव देतो. मग प्रसंगाचं कारणच पुसलं जातं आणि अपमान करणारे उगाच वेडेवाकडे वागल्यासारखे दिसतात. अशा ठिकाणी समाज तोच राहायला हवा. ओळख झाकायची असेल तर गाव, साल, व्यवसाय यातलं काहीतरी हलवावं.

आणि जिथे आडनावाचं काहीच काम नाही, तिथे ते देऊच नये. नुसतं ‘काका’, ‘वहिनी’, ‘हेडसर’ यानेही माणूस उभा राहतो. मात्र नुसतं आद्याक्षर, ‘क. यांनी मला सांगितलं’, हे मला पटत नाही. त्याने वाचकाला माणूस दिसत नाही, आणि ‘क म्हणजे कोण’ ही उत्सुकता तेवढी जागी होते.

नवं नाव दुसऱ्या कुणाचं निघालं तर?

ही भीती खरी आहे. १९०८ साली इंग्लंडमधल्या एका वर्तमानपत्रात फ्रान्समधल्या सुट्टीवर एक हलकाफुलका मजकूर आला. त्यात ‘आर्टेमस जोन्स’ नावाचा सभ्य गृहस्थ परक्या बाईबरोबर फिरताना दाखवला होता. आपण नाव मनाने रचलं, असं वर्तमानपत्राचं म्हणणं होतं. पण त्या नावाचा एक खरा वकील निघाला. त्याच्या ओळखीच्यांनी साक्ष दिली की हा तोच असं आम्हाला वाटलं. त्याला १,७५० पौंड भरपाई मिळाली आणि १९०९ साली इंग्लंडच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने तो निकाल कायम केला. ‘आमच्या मनात तो नव्हता’ हे उत्तर पुरलं नाही.

आर्टेमस हे नाव दुर्मीळ होतं. यातून उलटं शिकावं: नवं नाव त्या पिढीत भरपूर आढळणारं असावं. पण तेवढ्यावर थांबू नये. जगात सरोजिनी अभ्यंकर अनेक असतील, त्यांच्यापैकी कुणी या शाळेत होत्या का, एवढंच बघायचं आहे. त्या काळच्या शिक्षकांची यादी, वर्गाचे फोटो, एखादा जुना सहकारी, यातून ते कळतं. त्या वर्तुळात त्या नावाचं कुणी सापडलं, तर नाव कितीही आवडलेलं असो, सोडून द्यायचं. नाहीतर एका घराला वाचवताना दुसऱ्या घरावर ठपका ठेवल्यासारखं होईल.

पण ओळखणारे ओळखणारच ना?

हो. हे मान्य करूनच पुढे जायला हवं. ज्याने ती दुपार फाटकात उभं राहून पाहिली, त्याला अभ्यंकरबाई कोण ते कळेल. पण त्याला ते आधीच माहीत होतं. पुस्तकाने त्याला नवीन काही सांगितलं नाही.

नाव बदलून आपण वेगळ्या माणसाला थांबवतो. बाईंच्या नातीचं नाव कुणी संगणकावर शोधलं आणि आडनावावरून तिच्या आजोबांच्या दारूपर्यंत पोचलं, असं होऊ नये. ओळखणं आणि नव्याने कळणं यातला हा फरक आहे.

घरच्या माणसांच्या बाबतीत तर नावाचा उपयोग फारच थोडा. पुस्तकावर तुमचं नाव आहे. ‘माझी एकुलती एक आत्या’ असं लिहिलंत की तिचं नाव काहीही ठेवा, नातं बोट दाखवतं. अशा वेळी नावाशी खेळण्यात वेळ घालवू नये. तो प्रसंग ठेवायचा की नाही हे ठरवावं, किंवा तिलाच विचारावं.

संगणकावर नाव बदलताना मराठी वेगळी वागते

ही बाब लहान वाटते, पण माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त खरी नावं इथूनच निसटून छापली जातात. ‘शोधा आणि बदला’ ही सोय वापरून ‘परांजपे’चं ‘अभ्यंकर’ केलं. झालं असं वाटतं. पण मराठीत नावाला प्रत्यय लागण्याआधी त्याचं रूप बदलतं. त्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. ‘परांजप्यांच्या घरी’, ‘परांजप्यांकडे’ ही रूपं ‘परांजपे’ शोधून सापडत नाहीत. ती जशीच्या तशी पुस्तकात राहतात आणि सगळं उघड करतात. म्हणून शेवटची मात्रा सोडून ‘परांजप’ एवढंच शोधावं, म्हणजे दोन्ही रूपं हाती लागतात. गोखल्यांसाठी ‘गोखल’, काळ्यांसाठी ‘काळ’. पण मग ‘काळजी’ही सापडेल, तेव्हा एकेक ठिकाण डोळ्यांनी बघूनच बदलायचं.

एकदम सगळीकडे बदलण्याचा दुसरा धोका लहान नावांना. ‘राम’चा ‘श्याम’ केलात तर ‘आराम’चा ‘आश्याम’ होतो. ‘ग्रामपंचायत’सुद्धा मोडते, कारण संगणकाला ‘ग्राम’मध्येही ‘राम’ दिसतो.

हे झाल्यावर संहितेबाहेरच्या जागा बघायच्या: फोटोंखालच्या ओळी, उद्धृत केलेली पत्रं, ऋणनिर्देश, शेवटची नामसूची. ऋणनिर्देशात ‘परांजपेबाईंच्या कुटुंबीयांचे आभार’ आले की आधीची सगळी मेहनत संपली.

मग ही आठवण खरी कशी म्हणायची?

हा आक्षेप प्रामाणिक आहे. माझं उत्तर असं, की वाचकाला आधी सांगितलं तर फसवणूक होत नाही. ‘काही व्यक्तींची नावे आणि ओळख पटवणारे तपशील बदलले आहेत’ असं पूर्ण लिहावं. नुसती नावं बदलली असं लिहून किल्ल्यांचा जुडगा रचला असेल, तर ते अर्धंच सांगणं झालं. कोणती नावं, ते मात्र सांगू नये. पानात बदललेलं नाव अवतरणात टाकू नये किंवा त्यावर फुलीही देऊ नये. त्याने वाचकाची नजर नेमकी तिथेच जाते.

मर्यादा हवीच. जो तपशील प्रसंगाचं कारण आहे त्याला हात लावायचा नाही. बाईंचे यजमान दारूऐवजी आजारपणामुळे फाटकात आले असं केलं, तर ती दुपारच बदलते. दोन माणसांची मिळून एक करणं काही जण योग्य मानतात. मला ते आठवणींच्या पुस्तकात नको वाटतं, कारण मग एकीच्या वागण्याला दुसरीचं कारण चिकटतं.

आणि ज्याने खरोखर अन्याय केला, त्याला का झाकायचं? झाकायलाच हवं असं नाही. पण त्याचं नाव लिहायचं तर तुमच्याकडे आठवणीपलीकडे काय आहे, कागद, साक्षीदार, हे आधी एखाद्या वकिलाला दाखवावं. आणि त्याच्या नावाने ज्याच्यावर अन्याय झाला ती व्यक्तीही उघडी पडते का, ते बघावं. बऱ्याचदा पडते.

ज्याचं नाव, त्याला विचारावं का?

शक्य असेल तिथे विचारावं, आणि ती पानं वाचायला द्यावीत. नवं नाव त्यांनीच सुचवावं असंही म्हणता येतं. लोक कधीकधी स्वतःला लहानपणी हवं असलेलं नाव सुचवतात. ते पिढीला शोभत नाही, नाद चुकतो, आणि संपादक म्हणून मी अस्वस्थ होते. तरी अशा वेळी मी त्यांचंच नाव ठेवायला सांगते.

छापायला देण्याआधी पानं आणखी दोघांना द्यावीत. एक पूर्ण परका, त्याला विचारायचं की ही बाई किती वर्षांची, कशी बोलत असेल. त्याच्या उत्तरात मूळ बाई दिसल्या तर नाव नीट बसलं. दुसरा त्याच शाळेतला, पण ती दुपार न पाहिलेला. त्याला विचारायचं, या कोण? त्याने लगेच सांगितलं तर कशावरून ओळखलं तेही विचारावं. उत्तर बहुधा नाव नसतं. ‘दोन वेण्या घालणाऱ्या एकट्याच बाई होत्या ना,’ असं काहीतरी असतं, आणि मग त्या वेण्या काढाव्या लागतात.

खरी आणि बदललेली नावं समोरासमोर लिहिलेला तो कागद मी संहितेच्या फाइलमध्ये कधी ठेवत नाही. फाइल अक्षरजुळणीला जाते, मुखपृष्ठ करणाऱ्याकडे जाते, कुणाच्या तरी फोनवर राहते. कागद हाताने लिहिलेला, एकच प्रत, लेखकाच्या कपाटात. पुस्तक निघाल्यावर तो जपायचा की फाडायचा हे लेखकाने ठरवावं, पण जपायचा तर आपल्यामागे तो कुणाच्या हाती पडेल हेही त्याच वेळी ठरवून ठेवावं.